गुडघ्यावरची टिचकी आणि मज्जारज्जूचा पत्ता

१९७१ साली मुंबईत डोळ्यांची एक विलक्षण साथ आली. डोळे लालभडक होत, पापण्या सुजत, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात रक्त उतरे आणि चार-आठ दिवसांत सारे पूर्ववत होई. आफ्रिकेतील घाना देशात १९६९ मध्ये ही साथ प्रथम दिसली होती. त्याच सुमारास मानव चंद्रावर उतरला, म्हणून तिकडच्या लोकांनी तिला ‘अपोलो’ असे नाव दिले. मुंबईकरांच्या दृष्टीने ते नेहमीचे ‘डोळे येणे’च होते, थोडे अधिक जोराचे इतकेच.

परंतु काही आठवड्यांनी शहरातील रुग्णालयांत निराळेच रुग्ण येऊ लागले. ते बहुतांशी प्रौढ होते. डोळे बरे झाले होते, आणि मग कंबरेत व पायांत जीवघेण्या कळा सुरू होऊन एक किंवा दोन्ही पाय लुळे पडले होते. जे. जे. रुग्णालयात त्या वेळी डॉ. नोशीर वाडिया मज्जाविकारांचा विभाग सांभाळत होते. तो विभाग त्यांनीच १९५७ मध्ये उभा केला होता. एम.आर.आय. हे यंत्र तेव्हा जगात कोठेच नव्हते आणि मज्जारज्जूचे चित्र सहजासहजी काढता येत नव्हते. वैद्याच्या हाती होते ते एवढेच : रुग्णाची हकिकत, एक टाचणी, एक नादकाटा आणि रबराच्या टोकाची एक हातोडी.

त्या हातोडीने जे सांगितले ते थोडक्यात असे. लुळ्या पायाच्या गुडघ्यावर टिचकी मारली तर पाय हलत नव्हता. पाय हातांत घेऊन हलवला तर तो ओल्या कापडासारखा सैल लागत होता. मात्र टाचणी टोचलेली रुग्णाला नीट कळत होती. दोन्ही पाय अशक्त असले तरी ते सारखे अशक्त नव्हते. एक अधिक, दुसरा कमी, आणि मांडीचे स्नायू पावलाच्या स्नायूंहून अधिक दुबळे. एवढ्या सामग्रीवरून विकाराची जागा निश्चित करता आली. बिघाड मेंदूत नव्हता, कारण तसे असते तर कालांतराने पाय ताठरले असते. तो केवळ पायांतील लांब नसांतही नव्हता, कारण मग संवेदना गेली असती आणि दोन्ही पावले सारखीच बधिर झाली असती. बिघाड होता मज्जारज्जूच्या खालच्या भागातील त्या पेशींत, ज्यांच्यापासून स्नायूंकडे जाणारे तंतू निघतात, आणि त्यांच्या मुळांत. बालपक्षाघाताचा, म्हणजे पोलिओचा विषाणू याच पेशींवर घाला घालतो. डोळ्यांच्या साथीमागचा विषाणू त्याच कुळातला निघाला. डॉ. वाडिया आणि त्यांचे सहकारी इराणी व कात्रक यांनी १९७२ आणि १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे रुग्ण मांडले. १९८१ मध्ये साथ पुन्हा मुंबईत आली, तेव्हा तसेच रुग्ण पुन्हा दिसले.

गुडघ्यावरच्या टिचकीने इतके नेमके कसे कळते, हे समजण्यासाठी ती टिचकी शरीरात कोणत्या वाटेने जाते ते पाहावे लागेल.

गुडघ्याच्या वाटीखाली बोट लावले असता एक रुंद, ताठ पट्टा हाताला लागतो. मांडीच्या पुढील मोठ्या स्नायूची ती कंडरा होय. तिच्यावर हातोडी पडली की कंडरा क्षणभर दबते आणि वरचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म चातीसारखे अवयव असतात. ते तत्काळ खबर पाठवतात. ही खबर नसेतून मज्जारज्जूच्या कमरेकडील भागात, तिसऱ्या-चौथ्या खंडापाशी पोहोचते, तेथील एका पेशीला जागे करते, आणि ती पेशी त्याच स्नायूला आज्ञा देते : आखडून घे. पाय पुढे उडतो. सारे पापणी लवण्याच्या आत घडते आणि या वाटेवर मेंदूला विचारण्याची गरजच पडत नाही. वाटेत केवळ एकच सांधा आहे, खबर आणणारा तंतू आणि आज्ञा नेणारी पेशी यांच्यामधला.

मग मेंदूचे काम काय? तो लगाम धरून बसलेला असतो. वरून उतरणारे तंतू या वाटेला सतत आवर घालतात, म्हणून निरोगी माणसाचा गुडघा टिचकीने थोडासाच उडतो. या वर्णनातूनच निदानाची किल्ली हाती येते. वाट स्वतःच तुटली, मग ती नसेत तुटो, मुळाशी तुटो वा मज्जारज्जूतील त्या पेशीत तुटो, की टिचकीला उत्तर येत नाही आणि स्नायू सैल पडतो. वाट शाबूत राहून वरचा लगाम तुटला, म्हणजे मेंदूत किंवा त्या खंडाच्या वर मज्जारज्जूत इजा झाली, की उत्तर जोरकस येते आणि स्नायू ताठरतो. दोन्ही रुग्णांची तक्रार मात्र एकच असते : पायात बळ नाही. तक्रारीवरून जे कळत नाही ते हातोडी सांगते.

गुडघ्याच्या या उसळीची शास्त्रीय नोंद १८७५ मध्ये झाली, आणि तीही दोघा जर्मन वैद्यांनी, विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे केली. दोघांचे लेख एकाच नियतकालिकात छापले गेले. एर्ब यांनी ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे हे ओळखले. वेस्टफाल यांना तो स्नायूचाच गुण वाटला. नाव मात्र कितीतरी वर्षे वेस्टफाल यांचेच चालले.

तपासणी वरवर पाहता सोपी दिसते, पण ती बिघडवणेही तितकेच सोपे आहे. रुग्णाला पलंगाच्या काठावर पाय लोंबते ठेवून बसवतात, किंवा निजवून गुडघ्यांखाली हात घालून ते थोडे वाकवून धरतात. हातोडी मनगट सैल ठेवून, तिच्या स्वतःच्या वजनाने झोक्यासारखी पडू द्यायची असते. ठोका मारायचा नसतो. फार हलकी हातोडी घेतली किंवा भीतभीत टकटक केली, तर निरोगी गुडघाही गप्प राहतो आणि कागदावर ‘प्रतिक्रिया नाही’ असे खोटे लिहिले जाते. पाहायचे असते ते मांडीच्या स्नायूकडे. पाऊल हलले नाही तरी स्नायू आवळलेला हाताला जाणवतो. आणि प्रत्येक ठिकाणी उजवे-डावे लागोपाठ तपासायचे असते, कारण एकट्या बाजूच्या उत्तरापेक्षा दोन बाजूंमधील फरक अधिक बोलका असतो.

काही माणसे तपासणीच्या वेळी नकळत अंग आवळून बसतात. त्यांच्यासाठी हंगेरीचे वैद्य येंड्रासिक यांनी १८८५ मध्ये सांगितलेली युक्ती आजही वापरली जाते. रुग्णाने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत आकड्यासारखी अडकवायची आणि डॉक्टर ‘ओढा’ म्हणताच जोराने ओढायची. त्याच क्षणी हातोडी पडते. हाताच्या प्रतिक्रिया पाहायच्या असतील तर दात घट्ट आवळायला सांगतात. ही युक्ती केल्याविना ‘प्रतिक्रिया नाही’ असे लिहिणे हा कच्चेपणा समजला जातो.

उत्तराला शून्य ते चार असे गुण देतात. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे मंद, दोन म्हणजे नेहमीचे, तीन म्हणजे जोरकस. चार म्हणजे पाऊल वर दाबून धरले असता ते आपोआप वरखाली थरथरत राहणे. कोणत्या ठिकाणी मज्जारज्जूच्या कोणत्या खंडाची परीक्षा होते, हे वैद्यकाचे विद्यार्थी खालून वर मोजत लक्षात ठेवतात : टाचेमागची कंडरा एक-दोन, गुडघा तीन-चार, दंडाचा पुढचा स्नायू आणि मनगटाकडचा स्नायू पाच-सहा, दंडाचा मागचा स्नायू सात-आठ. पहिली जोडी त्रिकास्थीकडील, दुसरी कमरेकडील, उरलेल्या दोन मानेकडील खंडांच्या. एवढी चार जोडपी पाठ असली की पत्ता शोधायला नकाशा मिळतो.

हातोडीच्या आधी किंवा नंतर स्नायूंचा ताण पाहतात, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. रुग्णाने अवयव सैल सोडायचा आणि वैद्याने तो हलवायचा. निजलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली हात घालून तो एकदम वर उचलला, तर निरोगी पायाची टाच अंथरुणावरून घसरत वर येते. ताठरलेल्या पायाची टाच गुडघ्याबरोबर हवेत उचलली जाते, आणि सैल पडलेला पाय जडपणे खाली लोंबतो. ताठरपणाचेही दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखणे हेच खरे कसब. मेंदूकडून उतरणाऱ्या तंतूंची इजा असेल तर अवयव सावकाश हलवताना फारसा अडथळा वाटत नाही, पण झटक्याने हलवला की तो एका बिंदूवर अडतो आणि मग घडीच्या चाकूच्या पात्यासारखा एकदम सुटतो. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णात वेग कसाही असो, अडथळा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच राहतो, शिशाची नळी वाकवावी तसा. कंप असला की त्यात दातेरी चाकाचे धक्केही मिसळतात. अशा रुग्णाच्या गुडघ्याची प्रतिक्रिया बहुधा नेहमीसारखीच असते. म्हणून ‘अंग ताठ आहे’ एवढे म्हणून भागत नाही, ते कशा रीतीने ताठ आहे हे सांगावे लागते.

आता हे सारे एका रुग्णात कसे जुळते ते पाहू. असे समजावे की विक्रोळी स्टेशनजवळ भांड्यांचे दुकान चालवणारे बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ आहेत. हा कोणी एक विशिष्ट माणूस नव्हे. बाह्यरुग्ण विभागात ज्या हकिकती वारंवार ऐकू येतात, त्यांतून जुळवलेला हा नमुना आहे. वर्षभरापासून रेल्वेचा पूल चढताना त्यांचे पाय जड होतात. उतरताना तर कठड्याला धरल्याविना पाऊल टाकवत नाही. चालताना पायातील चप्पल कधी निसटते ते कळत नाही. कंबर अधूनमधून दुखते. हाताची कुरकूर त्यांना महत्त्वाची वाटत नाही, म्हणून ते सांगतही नाहीत. पण घरच्यांच्या लक्षात आले आहे की सदऱ्याच्या गुंड्या लावायला त्यांना वेळ लागतो, आणि गल्ल्यातील नोटा मोजताना दोन नोटा एकदम सुटतात.

पाय दुबळे आणि कंबर दुखते, म्हणून कमरेचे एम.आर.आय. काढले जाते. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली दिसते. साठीनंतरच्या कितीतरी निरोगी माणसांतही ती तशी दिसते. पण चित्र हाती आले की ते खरे वाटू लागते. कंबरपट्टा येतो, शेक येतो, व्यायाम येतात. सहा महिने जातात आणि पाय अधिकच जड होतात.

मग मज्जाविकारतज्ज्ञ हातोडी घेऊन बसतात. गुडघ्यावर टिचकी पडताच पाय जोराने उडतो. टाचेमागच्या कंडरेवरही तसेच, आणि पाऊल वर दाबून धरले तर ते सहा-सात वेळा थरथरते. तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून टाचेकडून बोटांकडे किल्लीचे बोथट टोक ओढले असता अंगठा खाली वळण्याऐवजी सावकाश वर उठतो. ही खूण जोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये मांडली, आणि वरच्या लगामाच्या इजेची इतकी भरवशाची दुसरी खूण आजही नाही. जन्मल्यापासून सुमारे वर्षभर बाळांत ती स्वाभाविकपणे दिसते, कारण त्यांचे ते तंतू अजून पुरते तयार झालेले नसतात.

एवढ्यावरच कमरेची चकती निर्दोष ठरते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली फक्त मुळांची जुडी असते. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीने काही दाबलेच तर ती मुळे दाबली जातील, आणि मुळे दाबली की प्रतिक्रिया मंदावतात किंवा जातात. त्या जोरकस होऊ शकत नाहीत. पायांच्या उसळत्या प्रतिक्रिया सांगतात की शोध कमरेच्या वर घ्यायचा. किती वर, हे हात सांगतील.

दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेवर अंगठा ठेवून त्यावर हातोडी मारली जाते. अपेक्षा असते कोपर वाकण्याची. येथे कोपर हलत नाही. मनगटाच्या थोडे वर, अंगठ्याच्या बाजूला टिचकी मारली असता पुन्हा कोपर स्थिर, पण हाताची बोटे मात्र झटकन आत वळतात. दंडाच्या मागच्या कंडरेवर टिचकी पडताच हात जोराने सरळ होतो. हनुवटीवर बोट ठेवून हलकी टिचकी मारली असता जबडा थोडासाच हलतो, म्हणजे तेथील उत्तर नेहमीचे आहे.

हे वाचायचे कसे? जबड्याची वाट मेंदूच्या खोडातून जाते. तिच्या वर लगाम तुटला असता तर जबडाही उसळला असता. तो शांत आहे, म्हणून इजा बहुधा त्याच्या खाली. सातव्या खंडाची प्रतिक्रिया जोरकस आहे, म्हणून इजा सातव्याच्या वर. पाचव्या-सहाव्या खंडाची प्रतिक्रिया मात्र नाहीशी झाली आहे, म्हणजे तेथे लगाम नव्हे, वाटच तुटली आहे. मनगटाजवळच्या टिचकीचा हादरा पाचव्या-सहाव्यातून उत्तर मिळवू शकत नाही, पण हाडातून बोटांच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. त्यांचे खंड खाली आहेत आणि बेलगाम झाले आहेत, म्हणून कोपराऐवजी बोटे वळतात. हे उलटे उत्तर एकाच जागेकडे बोट दाखवते : मानेतील मज्जारज्जू, पाचव्या-सहाव्या खंडाच्या पातळीवर. मानेचे एम.आर.आय. काढले असता तेथे झिजलेली चकती आणि हाडाची वाढ मज्जारज्जूला पुढून दाबताना दिसते. त्या गृहस्थांना मान कधी दुखलीच नव्हती.

हे निदान उशिरा होणे महागात पडते. दाब काढण्याची शस्त्रक्रिया केली जाते, पण तिचा पहिला हेतू विकार पुढे जाऊ न देणे हा असतो. दीर्घकाळ दबलेला मज्जारज्जू गमावलेले सारे परत देत नाही. गुंड्या लावताना बोटे अडखळू लागतात त्या वेळी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आणि खुर्चीला खिळल्यावर झालेला रुग्ण यांच्या वाट्याला येणारे परिणाम सारखे नसतात. म्हणून पायांच्या तक्रारीत हातांवरही हातोडी फिरवणे, हे वेळेचा अपव्यय वाटले तरी टाळता कामा नये.

हातोडीला फसवणाऱ्या परिस्थितीही आहेत आणि त्या ठाऊक असलेल्या बऱ्या. सर्वांत धोक्याची म्हणजे ताजी इजा. अपघातात मज्जारज्जू एकाएकी चिरडला गेला, तर इजेच्या खालचे सारे खंड काही दिवस ते काही आठवडे जणू स्तंभित होतात. प्रतिक्रिया नाहीत, स्नायू सैल, आणि चित्र नेमके उलटे. ताठरपणा आणि उसळी नंतर येते. मेंदूच्या झटक्यातही पहिले काही दिवस लुळा हात सैलच लागू शकतो. तशा वेळी शरीराच्या कोणत्या उंचीपासून खाली संवेदना गेली आहे आणि लघवी अडली आहे काय, हे अधिक कामी येते.

दुसरीकडे, दोन्ही बाजूंना सारखीच जोरकस प्रतिक्रिया हा आपणहून विकार नव्हे. घाबरलेल्या तरुण विद्यार्थ्याचे गुडघे उसळतात, थायरॉईडचा स्राव वाढलेल्या रुग्णाचेही उसळतात. अंगठा खाली वळत असेल, ताण नेहमीचा असेल आणि दोन्ही बाजूंत फरक नसेल, तर काळजीचे कारण सहसा नसते. थायरॉईडचा स्राव कमी झाला असेल तर टाचेची प्रतिक्रिया येते, पण पाऊल परत जागेवर यायला रेंगाळते. वृद्धपणी टाचेची प्रतिक्रिया क्षीण होते आणि मधुमेहात तर ती बरेचदा जातेच, कारण शरीरातील सर्वांत लांब नसा आधी झिजतात. त्यामुळे सत्तरीच्या मधुमेही माणसाच्या टाचेने उत्तर दिले नाही, तर आश्चर्य वाटायला नको. त्याच माणसाच्या टाचेने जोरकस उत्तर दिले, तर मात्र वैद्याने सावध व्हावे.

काही दिवसांतच पायांपासून हातांकडे चढणारी अशक्तता आणि सर्व प्रतिक्रिया एकदम नाहीशा होणे, हे चित्र गियाँ-बारे या विकाराचे असते. शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांच्या मुळांवर उलटलेली असते. १९७१ च्या रुग्णांहून त्याचे वेगळेपण हे की तेथे अशक्तता बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते. हा रुग्ण घरी थांबवण्याजोगा नसतो. श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात, म्हणून त्याला तत्काळ रुग्णालयात ठेवतात आणि एका दमात वीसपर्यंत मोजायला सांगून श्वासाची ताकद पुन्हा पुन्हा पाहतात.

एक विकार असा आहे की ज्यात लगामही तुटतो आणि वाटही. शाकाहारी कुटुंबांनी त्याची माहिती विशेष ठेवावी. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते, आणि तेही बेताचेच. ज्यांचे दूध कमी होते, ज्यांना मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू आहे, किंवा जे आम्लपित्तावर रोज गोळी घेतात, त्यांच्यात साठा हळूहळू आटतो. या जीवनसत्त्वाविना तंतूंवरचे आवरण टिकत नाही. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे संवेदना नेणारे तंतू आणि कडेचे मेंदूकडून उतरणारे तंतू झिजतात, आणि त्याबरोबर पायांच्या नसाही.

अशा रुग्णाची हातोडीपुढची वागणूक गोंधळात टाकते. गुडघा उसळतो, टाच गप्प असते, आणि अंगठा वर उठतो. एकाच पायात तिन्ही. टाचेची वाट नसेत तुटली आहे, गुडघ्याचा लगाम मज्जारज्जूत तुटला आहे. ज्याला ही सांगड ठाऊक नाही तो एकतर केवळ मधुमेहाला दोष देतो किंवा केवळ मणक्याला. घोट्याच्या हाडावर नादकाटा ठेवला तर रुग्णाला त्याची थरथर जाणवत नाही. डोळे उघडे असताना तो उभा राहतो, डोळे मिटले की झोकांडी जाते. घरात ही गोष्ट प्रथम कळते ती बहुधा वॉश-बेसिनपाशी. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटतात आणि माणूस पुढे झुकून तोल गमावतो. मुंग्या आणि बधिरपणा तळपायांतून वर चढत असतो.

येथे एक चूक वारंवार घडते. थकवा आणि रक्तक्षय पाहून कोणी केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतो. त्याने रक्त सुधारते, चेहऱ्यावर तेज येते, आणि मज्जारज्जूची झीज मात्र आत चालूच राहते. म्हणून प्रतिक्रियांत असा मेळ नसेल तर रक्तातील ब-१२ आधी मोजतात. आकडा सीमेवर असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक आम्लाची जोड तपासणी करतात. उपचार साधा आहे : सुरुवातीला इंजेक्शने, पुढे इंजेक्शन किंवा गोळ्या दीर्घकाळ. त्याला उशीर मात्र चालत नाही. मुंग्या आणि तोल काही महिन्यांत सुधारू लागतात. पुढच्या भेटीत अंगठा पुन्हा खाली वळू लागला आहे काय, नादकाट्याची थरथर घोट्याला कळते काय आणि टाच पुन्हा उत्तर देते काय, हे वैद्य त्याच हातोडीने आणि त्याच किल्लीने पाहतात. टाच सर्वांत मागाहून बोलते, आणि उपचार फार उशिरा सुरू झाले असतील तर कधी कधी ती गप्पच राहते.